डोमेनच्या बिलावरची तारीख खरी असली तरी बिल खरं नसतं

प्रश्न: गुहागरला आमचा होमस्टे आहे. वेबसाइट पाच वर्षांपूर्वी चिपळूणच्या एका मुलाकडून करून घेतली, दर मार्चमध्ये त्याला पैसे देतो. परवा साइटवरच्या info@ पत्त्यावर ‘Domain Expiration Notice’ असा मेल आला. आमच्या .com चं नाव बरोबर आहे, मुदत १९ मार्चला संपते ही तारीखही बरोबर वाटते. ८६ डॉलर भरा, नाहीतर २४ तासांत डोमेन रद्द होईल असं लिहिलंय. त्या मुलाचा फोन लागत नाही. सुट्ट्यांचं बुकिंग आत्ताच सुरू होतं. भरून टाकू का?

उत्तर:

भरू नका. त्या मेलमधल्या लिंकवर जाऊही नका आणि त्याला उत्तरही देऊ नका. मात्र मेल पुसून टाकू नका, तो लागेल.

मी कोल्हापुरात सोळा वर्षं लहान दुकानं, दवाखाने आणि लॉज यांची डोमेनं आणि मेल सांभाळतो. असा मेल माझ्याकडे दर महिन्याला कुणी ना कुणी पाठवून विचारतं. तुमच्या बाबतीत मला मेलपेक्षा दुसऱ्या गोष्टीची जास्त काळजी वाटते, ती आधी सांगतो. बिल खोटं आहे, पण मुदत खरोखरच १९ मार्चला संपत असणार. बिल खोटं निघालं की माणूस निश्चिंत होतो आणि पंधरा दिवसांनी खरंच साइट बंद पडते. असं झालेलं मी पाहिलंय. म्हणून हे दोन्ही प्रश्न एकत्रच सोडवू.

तारीख बरोबर आहे म्हणून तुम्ही गोंधळलात, आणि तसंच व्हावं अशी त्या मेलची रचना असते. .com डोमेन कधी नोंदलं, कधी संपतं आणि ते कोणत्या रजिस्ट्रारकडे आहे, म्हणजे कोणत्या कंपनीच्या वहीत नोंदलेलं आहे, ही माहिती जगात कुणालाही फुकट बघता येते. २०१८ च्या मे महिन्यात युरोपचा खासगी माहितीचा कायदा लागू झाला, तेव्हापासून मालकाचं नाव, पत्ता, फोन बहुतेक नोंदींमधून झाकले गेले. तारखा आणि रजिस्ट्रारचं नाव मात्र उघडंच राहिलं. लबाड माणसाला तुमच्या खात्यात शिरावं लागत नाही. तो डोमेनच्या याद्या घेतो, येत्या महिन्यात संपणारी नावं वेगळी काढतो आणि प्रत्येक नावापुढे info@, contact@, admin@ लावून मेल सोडून देतो. त्यामुळे मेलमध्ये नाव आणि तारीख बरोबर असण्याने काहीच सिद्ध होत नाही.

आता मेल कोणत्या पत्त्यावर आला ते बघा. रजिस्ट्रार सूचना पाठवतो ती नोंदीत मालक म्हणून जो ईमेल लिहिलाय त्यावर. साइट त्या मुलाने केली, पैसेही तुम्ही त्याच्या हातात देता, म्हणजे नोंदीत बहुधा त्याचा स्वतःचा पत्ता असणार. तुमचा info@ पत्ता साइटच्या ‘संपर्क’ पानावर सगळ्यांना दिसतो, पण रजिस्ट्रारच्या वहीत तो असण्याचं काही कारण नाही. तुमच्यासारख्या प्रकरणात माझी शंका इथेच पक्की होते. तुम्ही स्वतः डोमेन घेतलं असतं आणि info@ हाच पत्ता दिला असता, तर हा धागा चालला नसता.

खात्री करायची जागा मेलच्या बाहेर आहे. ब्राउझर उघडा, पत्ता स्वतः टाइप करा: `lookup.icann.org`. ही आयकॅनची, म्हणजे डोमेन व्यवस्थेचं समन्वयन करणाऱ्या संस्थेची शोधपेटी आहे. तुमचं डोमेन घाला, पुढे www लावू नका. बऱ्याच ओळी येतील, त्यातल्या चारच आपल्या कामाच्या आहेत. त्या साधारण अशा दिसतील (ही नमुन्याची माहिती आहे, तुमची नाही):

```
Registrar: <रजिस्ट्रारचं नाव>
Registrar IANA ID: <आकडा>
Registry Expiration: 2026-03-19 20:10:00 UTC
Domain Status: client transfer prohibited
```

`Registrar` पुढचं नाव कागदावर उतरवून घ्या. १९ मार्चपर्यंत डोमेनच्या रिन्यूअलचे पैसे घेऊन ते खरोखर पुढच्या वर्षात ढकलण्याचं काम फक्त ही कंपनी करू शकते, किंवा तिच्यामार्फत विकणारा दुकानदार. तिसऱ्या कुणाला तुम्ही कितीही डॉलर दिलेत तरी व्हेरिसाइनच्या नोंदीतली तारीख एका दिवसानेही सरकणार नाही. (.com ची मूळ वही व्हेरिसाइनकडे असते.) तारखेच्या बाबतीत एक बारीक गोष्ट: वेळ यूटीसीमध्ये असते, आपण साडेपाच तास पुढे आहोत. वरच्या नमुन्यात मुदत आपल्या घड्याळाने २० तारखेला पहाटे पावणेदोनच्या सुमाराला संपते. या फरकाच्या भरवशावर शेवटच्या रात्रीपर्यंत थांबू नका.

कमांड चालवण्याची सवय असेल तर हीच माहिती व्हेरिसाइनकडून थेट मागता येते:

```
curl -s https://rdap.verisign.com/com/v1/domain/example.com
```

`example.com` च्या जागी तुमचं नाव घाला. उत्तर एका सलग गठ्ठ्यात येतं, त्यात `expiration` शोधा. जुन्या लेखांत याच कामासाठी ‘हूइज’ सुचवलेलं दिसेल. .com सारख्या डोमेनांसाठी २०२५ च्या जानेवारीपासून आरडॅप ही नवी पद्धत मुख्य झाली आहे आणि आयकॅनची शोधपेटी तीच वापरते. तुमच्या एखाद्या ओळखीच्याचं डोमेन .in असेल तर त्याने `registry.in` वर बघावं. .in ची वही निक्सी या भारतीय संस्थेकडे असते आणि तिचे नियम वेगळे आहेत.

इथे बहुतेक लोक अडखळतात. रजिस्ट्रार म्हणून जे नाव दिसेल ते तुम्ही आयुष्यात ऐकलेलं नसेल. आपल्याकडे गावोगावची वेबसाइट करणारी मुलं स्वतः रजिस्ट्रार नसतात, रिसेलर असतात. ती मोठ्या रजिस्ट्रारकडे घाऊक खातं उघडतात आणि त्यातून आपल्या गिऱ्हाइकांची डोमेनं घेतात. महाराष्ट्रातल्या कितीतरी साइटच्या नोंदीत ‘PDR Ltd. d/b/a PublicDomainRegistry.com’ असं नाव निघतं आणि मालक घाबरून विचारतो, ‘ही कंपनी कोण? माझं डोमेन चोरलं का?’ चोरलेलं नसतं. तो घाऊक व्यापारी आहे आणि तुमचा माणूस किरकोळ दुकानदार. अशा वेळी खरी सूचना रजिस्ट्रारच्या नावाने न येता दुकानदाराच्या नावाने, त्याच्या पत्त्यावरून येऊ शकते. म्हणून ‘मेलवर रजिस्ट्रारचं नाव नाही, म्हणजे खोटा’ हा नियम आंधळेपणाने लावू नका. पाठवणारा एकतर नोंदीतला रजिस्ट्रार असला पाहिजे, किंवा ज्याला तुम्ही आधी पैसे दिले आहेत तो माणूस. तुम्हाला आलेल्या मेलचा पाठवणारा यांपैकी कुणी नसेल, तर प्रश्न तिथेच मिटतो.

आता त्या मेलच्या अगदी तळाशी, फिक्या राखाडी अक्षरांत काय लिहिलंय ते वाचा. या प्रकारच्या मेलमध्ये तिथे बहुतेक वेळा असा मजकूर असतो की ही सेवा ‘search engine submission’ ची आहे, हे बिल नाही, ही फक्त ऑफर आहे आणि ती स्वीकारायची तुमच्यावर सक्ती नाही. म्हणजे वर ठळक अक्षरांत डोमेनची मुदत, लाल पट्टी आणि भरायची रक्कम असते, आणि खाली कायद्याच्या पकडीतून सुटायला एक ओळ असते. तुम्ही ८६ डॉलर भरलेत तर बदल्यात मिळणार ते शोधयंत्रात नाव घातल्याचं आश्वासन, ज्याची तुम्हाला गरज नाही. तुमची साइट त्याशिवायही शोधात येते. डोमेन तसंच १९ मार्चला संपणार. माझ्या मते या साऱ्यातली सर्वात क्रूर गोष्ट हीच आहे, कारण पैसे भरलेला माणूस समजतो की काम झालं, आणि खरी सूचना आली तर तिच्याकडे बघतही नाही.

हा डाव जुना आहे. ईमेलच्या आधी हेच कागदी पत्रांनी चालायचं. ‘डोमेन रजिस्ट्री ऑफ अमेरिका’ नावाची कंपनी मालकांना बिलासारखी दिसणारी पत्रं पाठवायची. पैसे भरले की डोमेन नुसतं रिन्यू होत नसे, तर आपल्या रजिस्ट्रारकडून उठून त्यांच्याकडे जात असे. २००३ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने तिच्यावर कारवाई केली. आजच्या मेलमध्येही हा हस्तांतराचा प्रकार अधूनमधून दिसतो. त्यात तुमच्याकडे ‘auth code’ किंवा ‘EPP code’ मागतात. रिन्यू करायला हा कोड कधीच लागत नाही. तो फक्त डोमेन दुसऱ्या रजिस्ट्रारकडे न्यायला लागतो. शोधपेटीत `client transfer prohibited` दिसत असेल तर डोमेनला कुलूप आहे, ते काढल्याशिवाय असं नेता येत नाही. ही ओळ दिसणं चांगलं आहे. नावातल्या ‘prohibited’ ला घाबरू नका.

तिसरा प्रकार सर्वात घातक: लिंक उघडली की तुमच्या रजिस्ट्रारच्या लॉगिनसारखं हुबेहूब पान. तिथे पासवर्ड टाकला की पैशांपलीकडचं नुकसान होतं. खातं ज्याच्या हातात, डोमेन त्याच्या हातात, आणि मेलही. तुमचे info@ चे मेल तो आपल्याकडे वळवू शकतो आणि तुमच्या नावाने पाहुण्यांकडून आगाऊ रक्कम मागू शकतो. म्हणूनच सुरुवातीला लिंकवर जाऊ नका म्हटलं, नुसतं ‘बघायला’ म्हणूनसुद्धा.

मेलचा हेडर, म्हणजे मेल कुठून आला याची आतली नोंद, बघावा का, असं तुम्ही पुढे विचाराल. बघा, पण त्यातून काय कळतं आणि काय कळत नाही हे माहीत असू द्या. संगणकावर जीमेलमध्ये मेल उघडून तीन टिंबांच्या मेनूतून ‘Show original’ निवडा. असं काहीतरी दिसेल:

```
From: "Domain Services" <notice@renewal-desk.example>
Reply-To: billing@another-name.example
spf=pass dkim=pass dmarc=pass
```

अवतरणातलं ‘Domain Services’ हे नाव पाठवणारा वाटेल ते लिहू शकतो, त्याला किंमत देऊ नका. कोनी कंसातल्या पत्त्यात @ नंतरचा भाग वाचा, आणि तो उजवीकडून डावीकडे वाचा. बहुतेक वेळा शेवटची दोन पदं महत्त्वाची असतात. `tumcha-registrar.renewal-desk.example` असं असेल तर मालक `renewal-desk.example` चा असतो, रजिस्ट्रार नव्हे. `Reply-To` वेगळ्याच नावाचं असेल तर संशय वाढतो.

गैरसमज होतो तो तिसऱ्या ओळीत. तीनही ठिकाणी ‘pass’ बघून एका गिऱ्हाइकाच्या हिशेबनिसाने बिल मंजूर केलं होतं. या तपासण्या एवढंच सांगतात की मेल `renewal-desk.example` च्या नावाने आला आणि त्या नावाच्या मालकाच्या परवानगीनेच आला. तो मालक सज्जन आहे की लबाड, याबद्दल त्या काही बोलत नाहीत. लबाड माणूसही आठशे-हजार रुपयांत स्वतःचं डोमेन घेतो आणि या तपासण्या व्यवस्थित पास होतील अशी मांडणी करतो. उलट ‘fail’ असेल तर मात्र मेल नक्की बाजूला ठेवा. म्हणजे ‘fail’ वरून निर्णय घेता येतो, ‘pass’ वरून नाही.

रकमेवरूनही थोडं कळतं. व्हेरिसाइन रजिस्ट्रारकडून .com च्या एका वर्षाचे घाऊक पैसे घेते ते सप्टेंबर २०२४ मध्ये १०.२६ डॉलर झाले. त्यावर रजिस्ट्रारचा आणि दुकानदाराचा नफा, आणि आपल्याकडे १८ टक्के जीएसटी. भारतात एका वर्षाचं बिल साधारण हजार ते दोन हजार रुपयांत बसतं. ८६ डॉलर म्हणजे सात हजारांच्या वर. तुमचा माणूस दरवर्षी चार-पाच हजार घेत असेल तर त्यात होस्टिंग आणि त्याची देखभालही असते. ते वेगळं, आणि त्यात लबाडी नाही. पण फक्त कमी रक्कम आहे म्हणून मेल खरा धरू नका, पासवर्ड चोरणारे मुद्दाम नेहमीचीच रक्कम लिहितात.

आता ‘२४ तासांत रद्द’. .com साठी हे खरं नाही. आयकॅनच्या नियमानुसार रजिस्ट्रारला मुदतीच्या साधारण महिनाभर आधी एक, आठवडाभर आधी दुसरी आणि मुदत संपल्यावर पाच दिवसांच्या आत तिसरी सूचना द्यावीच लागते. तुमची पहिली सूचना १७ फेब्रुवारीच्या आसपास गेलेली असणार, आणि ती त्या मुलाच्या मेलमध्ये पडून असणार. मुदत संपल्यावर साइट आणि मेल बंद पडू शकतात, पण डोमेन लगेच दुसऱ्याला मिळत नाही. बहुतेक रजिस्ट्रार काही दिवस नेहमीच्या दरात रिन्यू करू देतात. त्यांनी डोमेन काढून टाकलं की ३० दिवसांची एक शेवटची खिडकी असते. तिच्यात परत मिळवता येतं, पण बरेच जादा पैसे मोजून. मग ५ दिवस ते कुणाच्याच हातात नसतं, आणि त्यानंतर जो आधी घेईल त्याचं. ही सवलत सांगितली ती घाबरून पैसे भरू नयेत म्हणून, तिच्या आधारावर वेळ काढण्यासाठी नाही. नेहमीच्या दराची मुदत किती दिवसांची हे रजिस्ट्रार ठरवतो, काही जण संपलेली नावं लवकर लिलावात टाकतात, आणि तुमच्या सुट्ट्यांच्या हंगामात आठवडाभर मेल बंद राहणंही परवडणारं नाही.

आता या सगळ्याची दुसरी बाजू. खोट्या मेलची इतकी धास्ती बसते की खरा मेलही कचऱ्यात जातो. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या दवाखान्याने डोमेनच्या नोंदीतला ईमेल बदलला. रजिस्ट्रारकडून ‘हा पत्ता तुमचाच आहे हे कळवण्यासाठी लिंकवर क्लिक करा’ असा मेल आला. डॉक्टरांनी फसवणूक समजून तो काढून टाकला. नियमानुसार असा पत्ता १५ दिवसांत पडताळला नाही तर रजिस्ट्रारला डोमेन थांबवावं लागतं किंवा स्वतः माणसाकरवी खात्री करून घ्यावी लागते. सोळाव्या दिवशी साइटही गेली आणि अपॉइंटमेंटचे मेलही. चूक त्यांची नव्हती, मी त्यांना आधी सांगायला हवं होतं. शिवाय रजिस्ट्रार वर्षातून एकदा ‘तुमची माहिती तपासून बघा’ असा मेलही पाठवतो. तोही खरा असतो आणि त्यात पैसे मागितलेले नसतात. म्हणून माझ्या गिऱ्हाइकांसाठी मी एकच पद्धत ठेवली आहे: मेल खरा वाटो की खोटा, त्यातल्या लिंकवर जायचं नाही. रजिस्ट्रारच्या साइटचा पत्ता स्वतः टाइप करायचा, लॉगिन करायचं आणि मेलमध्ये जे लिहिलंय ते खात्यात दिसतं का बघायचं. रिन्यूअल बाकी असेल तर तिथे दिसतंच. पत्ता पडताळायचा असेल तर तोही तिथे दिसतो किंवा नवा मेल तिथून मागवता येतो, आणि आपण मागितल्यावर मिनिटाभरात आलेल्या मेलवर विश्वास ठेवता येतो.

तुमची अडचण अशी की खातंच तुमच्याकडे नाही. तेव्हा आजपासून काय करायचं ते क्रमाने सांगतो.

आधी त्या मुलाला व्हॉट्सअ‍ॅपवर आणि ईमेलवर, दोन्हीकडे लिहा. रागाने लिहू नका, बहुतेक वेळा मुलं नोकरीला पुण्या-मुंबईला गेलेली असतात आणि नंबर बदललेला असतो. असं लिहा: ‘आमच्या डोमेनची मुदत १९ मार्चला संपते असं नोंदीत दिसतंय. तू रिन्यू करतोयस का? करत असशील तर रजिस्ट्रारची पावती पाठव. जमणार नसेल तर डोमेन आमच्या नावाच्या खात्यात हलव, राहिलेले पैसे आम्ही देतो.’ चिपळूणला कुणी ओळखीचं असेल तर घरी निरोप पाठवा. फोनपेक्षा हे लवकर लागू पडतं.

दोन दिवस थांबा, त्याहून जास्त नाही. उत्तर आलं नाही तर शोधपेटीत सापडलेल्या रजिस्ट्रारच्या साइटवर स्वतः टाइप करून जा आणि तिथल्या मदत विभागाला कळवा की डोमेन रिसेलरमार्फत घेतलं होतं, रिसेलर भेटत नाही, मुदत जवळ आली आहे. सोबत गेल्या पाच वर्षांत त्याला दिलेल्या पैशांचे पुरावे जोडा. यूपीआयचे स्क्रीनशॉट, हाताने लिहिलेलं बिल, होमस्टेची नोंदणी, जे असेल ते. नोंदीत मालक म्हणून तुमचं नाव असेल तर काम सोपं होतं. मुलाने स्वतःचं नाव घातलं असेल तर रजिस्ट्रार त्यालाच मालक मानतो आणि तुमचे कागद फक्त आधार म्हणून बघतो. तेव्हा रजिस्ट्रार डोमेन तुमच्या हातात देईलच असं नाही, पण रिसेलरशी संपर्क करून द्यायला, आणि काही ठिकाणी मालकी न बदलता नुसते रिन्यूअलचे पैसे स्वीकारायला ते तयार होतात. तेवढंही आत्ता पुरेसं आहे. वर्षभराचा अवधी मिळतो, मालकीचं बघायला तो उपयोगी पडेल.

तुमच्या आधी घरात कुणी ते ८६ डॉलर भरले असतील तर कार्डाच्या मागे छापलेल्या नंबरवर बँकेला आजच फोन करून कार्ड बंद करा आणि व्यवहारावर हरकत नोंदवा. १९३० वर फोन करा आणि `cybercrime.gov.in` वर तक्रार द्या. मेल ठेवायला सांगितला तो यासाठीच. नुसता स्क्रीनशॉट पुरत नाही, मूळ मेल हेडरसकट लागतो. बँक कदाचित म्हणेल की तळाला ‘ऑफर’ असं लिहिलं होतं, तरी तक्रार द्याच, वरचा मजकूर तुम्हाला दिशाभूल करण्यासाठीच मांडलेला होता. पासवर्ड कुठे टाकला असेल तर पैशांच्या आधी तो बदला, जिथे जिथे तोच पासवर्ड वापरला आहे तिथेही.

रिन्यू झाल्यावर पुन्हा त्याच शोधपेटीत जाऊन तारीख बघा. मात्र इथे एक गोष्ट फसवते. १९ मार्च उलटल्यावर व्हेरिसाइनच्या नोंदीत तारीख आपोआप एक वर्ष पुढे सरकते, मग कुणी पैसे भरलेले असोत वा नसोत, कारण रजिस्ट्रारला ४५ दिवसांपर्यंत ते रद्द करण्याची मुभा असते. त्या काळात स्टेटसच्या ओळीत `auto renew period` असं दिसतं. आपण खरोखर पैसे भरले तरी मुदत उलटल्यावर भरले असतील तर ही ओळ काही दिवस राहते, म्हणून शंका आली तर तारखेपेक्षा रजिस्ट्रारची पावती बघा. १९ च्या आधी रिन्यू केलंत आणि तारीख पुढच्या वर्षाची झाली, तर मात्र ती तुमच्या पैशांनीच पुढे गेली आहे. शोधपेटीत काय दिसलं ते इथे लिहा. तुमचं नाव, फोन आणि कार्ड यातलं काही लिहू नका, फक्त रजिस्ट्रारचं नाव आणि स्टेटसच्या ओळी. पुढचं पाऊल त्यावरून सांगतो.